बारा की ब्याऐंशी? दोन भावांच्या दुकानाचा हिशोब

दुकानांचं, छोट्या धंद्यांचं मूल्यांकन करणं हे माझं रोजचंच काम आहे, पण ती केस अजून डोक्यातून जात नाही. दोघे भाऊ समोर बसलेले, मध्ये वडिलांच्या हार्डवेअर दुकानाचा ताळेबंद, आणि एकाच दुकानातल्या अर्ध्या हिश्श्याची दोघांची किंमत वेगळी. थोरल्याच्या मते 12 लाख, धाकट्याच्या मते 82 लाख. आणि दोघंही खोटं बोलत नव्हते, हे मला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं.

थोरला वीस वर्षं त्या गल्ल्यावर बसलेला. त्याला दुकान ठेवायचं होतं आणि धाकट्याचा हिस्सा पैसे देऊन मोकळा करायचा होता. तो ताळेबंद वाचून दाखवत होता. जागा 6 लाख, फर्निचर 1, माल 24, उधारी 9, रोख आणि बँकेत 3, एकूण 43. त्यातून पुरवठादारांचं देणं 11 आणि बँकेचं कर्ज 8 वजा केलं की उरले 24, त्याचे निम्मे 12. "मॅडम, हे मी नाही ठरवलं, वडिलांच्या वहीत आहे," असं तो म्हणाला तेव्हा आवाज कापत होता.

धाकटा ताडकन म्हणाला, "दादा, त्या जागेला एजंट एक कोटी दहा लाख सांगतोय आणि तू सहा लाख लिहितोस?" त्याने जागा 110 लाख धरली, बाकी सगळं वहीतलंच ठेवलं आणि दुकानाच्या नावाची, जमलेल्या गिऱ्हाइकीची किंमत म्हणून वर्षाच्या 12 लाख नफ्याची तिप्पट म्हणजे 36 लाख गुडविल लावलं. देणी वजा करून 164, निम्मे 82.

आता वहीतले 6 लाख आले कुठून? जागा फार पूर्वी 15 लाखांना घेतलेली आणि दरवर्षी घसारा जाऊन 6 वर आलेली. घसारा म्हणजे किंमत उतरणं नव्हे, दिलेले पैसे वापराच्या वर्षांवर वाटून खर्ची टाकणं, एवढंच. त्यातही जमिनीला घसारा लावत नाहीत, पण त्यांच्या जुन्या हिशोबनिसाने जमीन आणि बांधकाम वेगळं न करता सरसकट लावलेला. म्हणजे तो 6 चा आकडा बाजाराबद्दल काहीच सांगत नव्हता. हे समजावलं तर थोरला गप्प झाला आणि मग जे बोलला ते मला पटलं, की जागा महाग झाली त्याचं मला काय, मी विकणार थोडीच आहे, मला तिथे बसून नळ आणि बिजागऱ्याच विकायच्यात.

पण धाकट्याचे 110 पण खरे नव्हते. एजंट सांगतो ती मागणीची किंमत, सौदा कितीला होतो ते वेगळं. शेजारपाजारच्या तीन जागांचे झालेले व्यवहार काढले, रस्त्याकडची रुंदी आणि मजला बघून फरक केला, तर आकडा 90 च्या आसपास बसला.

मग मी म्हटलं माल बघायलाच जाऊ या, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनाही दुकानात घेऊन गेले. मालाची यादी घेऊन एकेक फळी तपासत गेलो तर मागच्या खोलीत वरच्या फळीवर खोकीच्या खोकी पितळी जोड, आता कुणी बसवत नाही त्या मापाचे. एका खोक्यावर वडिलांच्या अक्षरात पेन्सिलीने खरेदीची तारीख आणि भाव, आणि त्यावर धुळीचा असा थर की बोट फिरवल्यावर रेघ उमटली. धाकटा बराच वेळ ते अक्षरच बघत उभा होता. मी नेहमी बघते ते असं, की एखाद्या वस्तूची शेवटची विक्री केव्हाची आणि वर्षअखेरच्या यादीत तिचा नग-आकडा वर्षानुवर्षं तसाच आहे का. इथे तीन वर्षांत न हललेला माल 7 लाखांचा निघाला. नियमाने माल खरेदीची किंमत किंवा विकून मिळेल ती रक्कम, यातल्या कमी आकड्याला धरायचा असतो, पण इथे वर्षानुवर्षं खरेदीचाच भाव पुढे ओढलेला. भंगारात वजनावर त्याचे फार तर 1 लाख आले असते. म्हणजे माल 24 नाही, 18. उधारीचंही तेच, 9 पैकी 4 लाख दोन वर्षांपेक्षा जुने, त्यातली दोन गिऱ्हाइकं तर धंदाच बंद करून गेलेली, तर धरायची 5.

वही सगळीकडे कमीच दाखवते असं धाकटा समजून चालला होता, आणि इथे वही जास्त दाखवत होती. तो हळूच म्हणाला, "म्हणजे दादा, तुझ्या अंगावर हे पण होतं." थोरल्याने फक्त मान हलवली.

नवा हिशोब असा. 90, 18, 5, 3, 1 मिळून 117, देणी 19 वजा, 98, निम्मे 49.

राहिलं गुडविल, आणि खरी गाठ तिथेच होती. वर्षाचा 12 लाख नफा बघितला की वाटतं धंदा जोरात आहे. पण त्या नफ्यात जागेचं भाडं धरलेलंच नव्हतं आणि थोरल्याचा पगारही नव्हता. तशी जागा भाड्याने घेतली तर वर्षाला 5 लाख द्यावे लागले असते, आणि त्याच्यासारखा पहाटेपासून रात्रीपर्यंत बसणारा माणूस ठेवायचा तर 6 लाख. मग उरतो 1 लाख, तोही 98 मधून जागेचे 90 काढल्यावर माल, उधारी वगैरेत अडकलेल्या 8 लाखांवर. एवढा परतावा कुठलाही ठीकठाक धंदा देतो, त्यावर वेगळं गुडविल बसत नाही. आणि जागेची पूर्ण बाजारकिंमत मोजायची, वर त्याच जागेत फुकट बसल्याने झालेल्या नफ्याचं गुडविलही मोजायचं, म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजणं झालं. हे धाकट्याला पटलं. थोरल्याला मात्र लागलं, मला दिसलं ते, वीस वर्षांच्या राबण्यातून उभा राहिलेला धंदा जागा बाजूला काढल्यावर 8 लाखांचा.

त्याला मी तेव्हाच सांगितलं की तुमच्या श्रमाची किंमत या आठमध्ये नाहीच, ती त्या पगाराच्या सहा लाखांत आहे आणि ती पूर्ण तुमचीच, वाटणीत येत नाही.

पण 49 लाख थोरला आणणार कुठून? कर्ज काढलं तर 10 टक्क्यांनी व्याजच वर्षाला 4.9 लाख, मुद्दल वेगळं, म्हणजे बारातून व्याज आणि हप्ते गेले की त्याचं घर चालणार कशावर. बरोबर किंमत काढली तरी ती देता येईलच असं नसतं, हे लिहिताना मला अजून जड जातं.

शेवटी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. धंदा थोरल्याचा, त्याने 8 चे निम्मे म्हणजे 4 लाख धाकट्याला द्यायचे आणि 19 लाखांची देणी स्वतःच्या नावावर घ्यायची. कर्जातून वडिलांचं नाव निघून त्याचं लागावं यासाठी बँकेची लेखी संमती आधी घेतली, कारण नुसतं घरात ठरवून बँक मानत नाही. जागा दोघांच्या नावावर निम्मी निम्मी, आणि थोरल्याने धाकट्याच्या अर्ध्या भागाचं भाडं वर्षाला 2.5 लाख द्यायचं. भाडं दर तीन वर्षांनी त्रयस्थाकडून ठरवायचं, आणि कुणी आपला अर्धा विकायला काढला तर पहिला हक्क दुसऱ्या भावाचा, किंमत त्या दिवसाच्या मूल्यांकनाने.

कागद तयार झाल्यावर धाकट्याने एकच वाक्य वाढवायला सांगितलं. मागच्या खोलीतला पितळी माल भंगारात देताना दोघांनी हजर राहायचं आणि ते पेन्सिलीचं खोकं द्यायचं नाही.