पोच निघाली दोन एप्रिलची

बुटीबोरीच्या एका गिऱ्हाइकाकडून मेल आला. मार्चमधलं एक बिल सापडत नाही, ऑडिट सुरू आहे, डुप्लिकेट आणि माल पोचल्याचा पुरावा आजच पाठवा. बिल नंबर नाही, पीओ नंबर नाही, नुसती रक्कम: 3,50,000. लोक असंच मागतात. लेजरमध्ये तो आकडा कुठेच नव्हता, कारण लेजरला रक्कम जीएसटीसकट पडते. 18 टक्के चढवून 4,13,000 शोधले आणि 28 मार्चचं बिल सापडलं.

आमच्या डिस्पॅचच्या मुलाने ‘डुप्लिकेट’ म्हणून दुसरी प्रत छापली. ती ट्रान्सपोर्टरची. मालाच्या बिलाच्या तीन प्रती असतात. पहिली गिऱ्हाइकाची, दुसरी ट्रान्सपोर्टरची, तिसरी आपली. ऑडिटरला पहिलीच लागते. ती आज छापायचीही सोय नव्हती, कारण जूनमध्ये आमची बँक बदलली आणि सॉफ्टवेअर जुन्या बिलावरही नवा खातेनंबर छापतं. म्हणून त्या दिवशी मेल केलेली पीडीएफच काढली, तिचा 64 अक्षरी आयआरएन पोर्टलशी ताडून पाहिला आणि ‘मूळ बिलाची खरी प्रत’ असा शिक्का मारून आजच्या तारखेची सही केली. नवा नंबर टाकून नवं बिल कधीच करायचं नाही. एकच विक्री दोनदा दिसते.

आता पोच. बरेच जण ई-वे बिल जोडून मोकळे होतात. त्यावरून माल निघाल्याचं कळतं, पोचल्याचं नाही. बिल्टीवरून माल ट्रान्सपोर्टरच्या ताब्यात गेला एवढंच. खरा पुरावा म्हणजे माल घेणाऱ्याच्या सही-शिक्क्याची बिल्टीची प्रत. ती डिस्पॅचच्या फाइलमध्ये शोधू नये. पोच जोडल्याशिवाय आम्ही भाडं पास करत नाही, त्यामुळे ती भाड्याच्या व्हाउचरला टाचलेली असते. तिथेच मिळाली. शिक्क्यावर तारीख 2 एप्रिल.

दुपारी त्यांच्या अकाउंटंट बाईंचा फोन. “साहेब, मार्चमधली पोच नाही का मिळणार? आम्ही स्टॉक आणि क्रेडिट दोन्ही मार्चमध्येच धरलंय.”

“मॅडम, तारीख तुमच्याच गेटवर पडलीय. मी काय बदलणार?”

पीओ मात्र काढून पाहिली. अट होती एक्स-वर्क्स मकरपुरा, म्हणजे आमच्या गेटबाहेर पडला तेव्हाच माल त्यांचा. मग 31 मार्चला तो वाटेतला माल म्हणून त्यांच्या स्टॉकमध्ये दाखवता येतो. टॅक्स क्रेडिटला माल मिळालेला लागतो, पण एक्स-वर्क्समध्ये आमच्या गेटवर ट्रान्सपोर्टरच्या ताब्यात गेला की तो त्यांना मिळाला असं धरतात, म्हणून तेही मार्चचंच. पीओचं ते पानही बिल आणि पोचेसोबत जोडून पाठवलं.

पाठवताना शिक्का नीट वाचला. तारखेखाली त्यांच्या गेटचा इनवर्ड नंबर होता. म्हणजे दोन तारखेची नोंद त्यांच्याच रजिस्टरात पहिल्यापासून पडून होती. मग त्यांचं नेमकं हरवलं काय होतं?