हाडांवरची तबकडी, नोंद 3: मध्य सापडला, सूर अर्धा चढवला

मागच्या नोंदीत आवाज इतका हेलकावत होता की गाणं कुठलं तेही नीट कळत नव्हतं. आज कळलं. बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' आहे, आणि ते कुणाच्या तरी छातीच्या एक्स-रेवर कोरलेलं आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. माझी भाची सेंट पीटर्सबर्गला डॉक्टरकी शिकते. तिथल्या उदेल्नायाच्या जुन्या बाजारातून तिने ही तबकडी आणली. खिडकीशी धरून तिनेच दाखवलं, "मामा, ही गळ्याची हाडं, ह्या वरच्या फासळ्या." रशियन लोक ह्याला 'फासळ्यांवरचं संगीत' म्हणतात ते शब्दशः खरं आहे.

1946 च्या सुमारास लेनिनग्राडमध्ये स्तानिस्लाव फिलो ह्याने आवाज मुद्रित करून देण्याचं दुकान काढलं. यंत्र युद्धातून आलेलं, जर्मन टेलिफुंकन. रुस्लान बोगोस्लोव्स्की ह्या तरुणाने ते नीट पाहून ठेवलं आणि स्वतःचं यंत्र बनवलं. कोरायला प्लास्टिक मिळत नव्हतं, पण दवाखान्यांतून टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्म मिळत होत्या. फिल्म कात्रीने गोल कापायची, मधलं भोक बऱ्याचदा सिगारेटने जाळून पाडायचं, आणि परदेशी रेकॉर्ड एकीकडे वाजवत सुईने दुसरीकडे खोबण कोरायची. एकच बाजू, तीनेक मिनिटं. 1950 मध्ये बोगोस्लोव्स्कीला अटक झाली. स्तालिन गेल्यावर तो सुटला आणि पुन्हा त्याच कामाला लागला. पुढे रॉक अँड रोल आलं तेही ह्याच वाटेने.

आता कामाचं. हेलकाव्याचं मूळ त्या जळक्या भोकात होतं. माझ्या तबकडीत ते खोबणींच्या खऱ्या मध्यापासून जवळजवळ 1 मिलिमीटर सरकलेलं आहे. मध्यापासून 8 सेंटिमीटरवर एवढ्या फरकाने सूर दर फेरीला सव्वा टक्का वर आणि सव्वा टक्का खाली जातो. ओळखायची खूण सोपी आहे: टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे, वरून पाहा. दर फेरीला तो डावी-उजवीकडे डोलत असेल तर दोष भोकाचा, यंत्राचा नव्हे.

भोक मोठं करणं मला पटत नाही. ते ज्याने पाडलं त्याच्या हातचं आहे. म्हणून प्लॅटरवर मॅट रचून मधली खुंटी पृष्ठभागाच्या खाली घालवली, वर एक निकामी एलपी ठेवली आणि तिच्यावर फिल्म. मग हाताने हळूहळू फिरवत, टोनआर्मचं डोलणं थांबेपर्यंत फिल्म केसभर इकडे-तिकडे सरकवली. चाळीस मिनिटं लागली. शेवटी कडेला, खोबणीच्या बाहेर, कमी चिकट कागदी पट्टीचे चार तुकडे लावले. फिल्म वाकडी होती, तीही त्यामुळे बसली.

वाजवली मात्र मिनिटाला 45 फेऱ्यांच्या वेगाने. 78 वर ह्या पातळ फिल्मवरून सुई उडते, आणि प्रत्येक वादनात खोबण झिजते, त्यामुळे मी मोजून दोनदाच वाजवायचं ठरवलं होतं. ध्वनिमुद्रण 3 मिनिटं 55 सेकंदांचं आलं. संगणकावर 78 भागिले 45, म्हणजे 1.733 पटीने वेग वाढवला आणि पेटी काढून बसलो. मूळ गाणं पांढरी सहामध्ये आहे. माझं आलं काळी चारमध्ये! अख्खा अर्धा स्वर खाली. म्हणजे कोरताना यंत्र 78 च्या ऐवजी साधारण 82 ते 83 वर फिरत असावं, किंवा ज्यावरून नक्कल केली ती रेकॉर्डच मंद वाजत असेल. दोन्हीचा परिणाम कानाला सारखाच, त्यामुळे एका तबकडीवरून हे ठरवता येत नाही. आणखी 5.9 टक्के वेग वाढवला, सूर जुळला, आणि लांबी 2 मिनिटं 8 सेकंद झाली. मूळ गाण्याचीही साधारण तेवढीच आहे. त्या क्षणी मी पेटीवरचा हात काढून नुसता ऐकत राहिलो.

खरखर अर्धीअधिक एका साध्या गोष्टीने गेली. ह्या खोबणीत आवाज फक्त आडव्या हालचालीत आहे. सुईची वर-खाली होणारी हालचाल म्हणजे फिल्मचा खडबडीतपणा. स्टिरिओ काट्रिजचे डावे-उजवे एकत्र करून मोनो केलं की ती उभी हालचाल आपोआप वजा होते. त्याहून जास्त सफाई करणार नाही. फिल्टर लावला तेव्हा हेलीच्या मागची झांज पुसली गेली, लगेच काढून टाकला.

एक टकटक राहिली आहे, सुरुवातीच्या वीसेक सेकंदांत, दर फेरीला एकदा. कात्रीने कापलेली कड तिथे खोबणीच्या फार जवळ आली आहे. पुढच्या रविवारी त्या टकटकी एकेक करून हाताने काढायच्या आहेत. साधारण सत्तावीस भरतील.