'मी म्हणते' ते 'मी म्हणतो'

रात्री आठला दिग्दर्शकाचा फोन आला. आमच्या निवेदिका बाईंचा घसा पूर्ण बसला होता. शूट दुसऱ्या दिवशी अकराला, आणि त्यांच्याऐवजी कॅमेऱ्यासमोर उभा राहणार होता एक तरुण रंगकर्मी. "स्क्रिप्ट तीच ठेव, फक्त क्रियापदं बदल," दिग्दर्शक म्हणाले.

विषय होता वीज आणि गडगडाट यांमधल्या अंतराचा. सहा मिनिटांचा व्हिडिओ. बाई भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि त्यांना लांब वाक्य लीलया पेलायचं. त्यांच्यासाठी मी लिहिलं होतं: "लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागलं, तर वीज साधारण किती किलोमीटरवर पडली याचा अंदाज येतो." बाई 'भागलं'वर क्षणभर थांबल्या असत्या आणि वाक्य अलगद उतरलं असतं.

त्या तरुणाला मी फोन केला. तो म्हणाला, "पाठवा, वाचून ठेवतो." मी म्हटलं, "वाचू नकोस. हा विषय मी सांगतो, तू मला तो तुझ्या भाषेत परत सांग. रेकॉर्ड केलं तर चालेल ना?" बारा मिनिटं बोलला. ते मी 'अं', 'बरं', अर्धवट सोडलेली वाक्यं यांसकट जसंच्या तसं उतरवून काढलं. ही उतरवणी कंटाळवाणी असते, पण माणूस स्वतःबद्दल जे सांगतो त्यापेक्षा ती खरी असते. तो म्हणाला होता, "मी साधंच बोलतो." कागदावर दिसलं ते वेगळंच: स्वतःच प्रश्न विचारायचा, स्वतःच उत्तर द्यायचं. वाक्य सहा-सात शब्दांचं. आणि मुख्य म्हणजे आधी ठाम विधान, त्याची अट मागाहून. बाईंचं बरोबर उलट होतं. 'जर', 'जेव्हा' आधी, निष्कर्ष शेवटी.

म्हणून ते वाक्य असं झालं: "चमक दिसली? मोजायला लागा. एक, दोन, तीन. गडगडाट झाला की थांबा. आकड्याला तीनने भागा. तेवढे किलोमीटर. साधारण हं, अगदी नेमके नाहीत."

लांबीचा हिशोब मात्र नडला. बाई मिनिटाला सव्वाशे शब्द बोलायच्या, म्हणजे स्क्रिप्ट साडेसातशे शब्दांची. हा थांबत थांबत बोलतो, एकशे दहाच्या आसपास. नव्वद शब्द कमी करायचे, आणि प्रश्नोत्तरांना उलट जास्त शब्द लागतात. ओळी कातरत बसण्यापेक्षा मी तापमानामुळे ध्वनीचा वेग कसा बदलतो हा सबंध परिच्छेद काढला. तो मला आवडायचा.

बाईंची एक ओळ होती, "माझ्या वर्गातली मुलं दरवर्षी विचारतात." ती याच्या तोंडी खोटी ठरली असती. फोनवर तो ओघात बोलून गेला होता, की लहानपणी गडगडाटाला घाबरायचा आणि मोठी बहीण त्याला आकडे मोजायला लावायची. त्याची परवानगी घेऊन तेच घातलं.

सकाळी पहिल्या वाचनातच माझी चूक कळली. त्याचा 'बरं' मी हौसेनं सात ठिकाणी पेरला होता, आणि प्रॉम्प्टरवरून वाचताना तो स्वतःचीच नक्कल करतोय असं वाटत होतं. बोलताना 'बरं' म्हणजे त्याला विचार करायला मिळालेली उसंत. पुढचं वाक्य समोर लिहिलेलं असताना उसंत कशाला हवी? विषय वळतो तिथले दोन ठेवले, बाकीचे खोडले. नंतर त्यानं आपणहून तीन घातले, भलत्याच जागी, आणि ते छान वाटले.

तिसऱ्या टेकला तो सहज बोलून गेला, "आता मी म्हणते..." सगळं युनिट हसलं. रात्री मी 'सांगते', 'बघते' शोधून बदलले होते. हे एक निसटलं. मराठीत फक्त शोधाशोध करून भागत नाही. 'मी पाहिलं' दोघांनाही चालतं, 'मी थांबले' चालत नाही. मोठ्यानं वाचलं असतं तर सापडलं असतं, पण पहाटेचे तीन वाजले होते.

खरी धास्ती संकलनात बसली. छोट्या क्लिपसाठी संकलकानं तुकडा कापला तो "तेवढे किलोमीटर" वर. ऐकायला झकास, पण 'साधारण' गेलं. बाईंच्या वाक्यात ते मधोमध होतं, कापताच आलं नसतं. नव्या माणसाच्या सवयीप्रमाणे अट शेपटीला नेताना मी तिला कात्रीच्या तोंडी दिलं होतं.

त्याला परत बोलावून एवढीच ओळ घेतली. मी सुचवलं, "साधारण तेवढे किलोमीटर." त्यानं ती म्हटली, जरा थांबला, आणि कॅमेरा चालू असतानाच बोट नाचवत पुढे जोडलं, "साधारण हं!"