आमची वाटचाल : बुधवारची रात्र कुणाची?

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. एक सीएनसी लेथ, तीन पाळ्या, चार ऑपरेटर. सुरुवातीला दर शनिवारी मी पाळ्या वहीत वाक्यांनी लिहायचो :

मामा सोमवार ते शनिवार पहिली. अण्णा सोमवार सोडून रोज दुसरी. दाजी रोज रात्र, बुधवारी सुट्टी. काका ज्याची सुट्टी त्याच्या जागी, गुरुवारी काकांना सुट्टी.

मला यात काहीच चूक दिसत नव्हती. पण एका मंगळवारी रात्री दहाला मशीन बंद पडून राहिलं. बुधवारी पहाटे संपणारी पाळी म्हणजे बुधवारचीच, असं धरून दाजी घरी राहिले होते. काकांनी मात्र बुधवारी रात्री यायचं ठरवलं होतं. वाक्य एक, अर्थ दोन, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर. दाजी म्हणाले, "मालक, तुम्ही रात्र कुणाची ते लिहिलंच नव्हतं."

तेव्हापासून वाक्यांऐवजी तक्ता करतो. पहिला नियम ठरला : रात्र ज्या दिवशी दहाला सुरू होते, त्याच दिवसाच्या घरात लिहायची. आडव्या ओळीत माणूस, उभ्या रकान्यात वार. आधी सगळ्यांच्या सुट्ट्या भरतो, मग ठरलेल्या पाळ्या. "त्याच्या जागी" असली वाक्यं शेवटी, कारण ती इतरांच्या सुट्ट्यांवर अवलंबून असतात.

| | सोम | मंगळ | बुध | गुरु | शुक्र | शनि | रवि |
|---|---|---|---|---|---|---|---|
| मामा | १ | १ | १ | १ | १ | १ | सु |
| अण्णा | सु | २ | २ | २ | २ | २ | २ |
| दाजी | रा | रा | सु | रा | रा | रा | रा |
| काका | २ | ज | रा | सु | ज | ज | १ |

काकांची मंगळवार, शुक्रवार, शनिवार ही घरं वाक्यांत कुठेच नव्हती. तक्ता केल्यावरच ती रिकामी दिसली. रिकामं घर म्हणजे सुट्टी, असं कुणीही समजेल, म्हणून तिथे 'ज', म्हणजे जनरल, लिहिलं. त्या दिवशी काका गेज तपासणी आणि माल भरण्याचं काम बघतात.

मग उभं वाचायचं : प्रत्येक वारी १, २ आणि रा एकेकदाच आले पाहिजेत. आडवं वाचायचं : प्रत्येकाला एक सु. शेवटी 'रा'च्या पुढचं घर बघायचं. काकांची बुधवारची रात्र गुरुवारी सकाळी सहाला संपते, म्हणूनच गुरुवारी सुट्टी. तिथे चुकून १ पडला असता, तर उभी बेरीज फक्त दोनदा १ आल्याचं दाखवेल, माणूस रात्रभर जागा आहे हे दाखवणार नाही.

तक्त्यात कारण मावत नाही. अण्णांना सोमवारी सुट्टी का, हे पुढच्या महिन्यात बदल करताना लागतं, म्हणून खाली एक ओळ मोकळी ठेवतो. बदल झाला की जुना आकडा खोडून नवा लिहितो, आणि ज्या दोघांत अदलाबदल झाली त्या दोघांची सही घेतो.

अण्णांना कन्नड सवयीचं. वारांची नावं आता वर मराठीत आणि खाली कन्नडमध्ये असतात. ती कन्नड ओळ दर शनिवारी अण्णाच लिहितात.