लॅपटॉप २०२० मध्ये गेला आणि व्हीपीएनने दार लावून घेतलं

गणपतीला बारा दिवस रत्नागिरीला होते. परत कोथरूडला आल्यावर ऑफिसचा लॅपटॉप उघडला, तर बॅटरी पार उतरलेली. चार्जर लावला, चालू केला, व्हीपीएनला जोडायला गेले तर नकार. रात्रीचे नऊ वाजत आले होते आणि महिनाअखेरीची एक फाइल त्याच रात्री पाठवायची होती.

पहिला संशय अर्थातच इंटरनेटवर. राउटर बंद-चालू केला, मोबाइलचं हॉटस्पॉट लावून पाहिलं, पासवर्ड तीनदा टाकला. फोनवरचा ओटीपी तर बिनतक्रार चालत होता. तो फोनच्या घड्याळावर बनतो, लॅपटॉपशी त्याचा संबंध नाही, हे मला नंतर कळलं. शेवटी ब्राउझर उघडला. तिथे जवळजवळ प्रत्येक साइटवर `NET::ERR_CERT_DATE_INVALID`. आता इतक्या साइटी एकाच रात्री बिघडणार नाहीत, म्हणजे बिघाड आपल्याकडेच. व्हीपीएनचा लॉग उघडला, त्यात ही ओळ होती:

```
VERIFY ERROR: depth=1, error=certificate is not yet valid
```

सर्व्हर आपली ओळख म्हणून जे प्रमाणपत्र दाखवतो, त्याची मुदत संपली असं हे म्हणत नाही. मुदत अजून सुरूच झालेली नाही, असं म्हणतं. कोपऱ्यातली तारीख पाहिली: १ जानेवारी २०२०. प्रत्येक प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं आणि लॅपटॉप ते स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. आमच्या कंपनीचं मूळ प्रमाणपत्र २०२१ सालचं. माझ्या लॅपटॉपच्या हिशेबाने ते अजून जन्मलंच नव्हतं. `depth=1` म्हणजे सर्व्हरच्या प्रमाणपत्राच्या वरची पायरी, त्यावर सही करणारं प्रमाणपत्र. तपासणी वरून खाली होते, म्हणून गाडी तिथेच अडली.

तारीख बदलायला गेले तर विंडोजने ॲडमिनचा पासवर्ड मागितला. तो माझ्याकडे नाही. तारीख आपोआप का सुधारत नाही, हे आयटीच्या मुलाने फोनवर सांगितलं. "ताई, ऑफिसचा लॅपटॉप वेळ ऑफिसच्या सर्व्हरकडून घेतो, आणि तो सर्व्हर व्हीपीएनच्या आत आहे." म्हणजे घड्याळ बरोबर असल्याशिवाय व्हीपीएन नाही, आणि व्हीपीएनशिवाय घड्याळ बरोबर होणार नाही. त्यालाही रिमोट घेता येईना, कारण रिमोटलाही व्हीपीएनच लागतं. प्रमाणपत्राची तपासणी तात्पुरती बंद करता येईल का, असं मी विचारलं. त्याने साफ नाही म्हटलं: मग समोर आपलाच सर्व्हर आहे की दुसरा कोणी, हे कळणार कसं?

वाट बायोसमधून निघाली. रिस्टार्ट करून एफ२ दाबत राहायचं (माझ्या लॅपटॉपवर एफ२, दुसरीकडे वेगळं बटण असू शकतं), आत तारीख आणि वेळ भरायची, सेव्ह करून बाहेर पडायचं. आमच्याकडे बायोसला पासवर्ड नव्हता म्हणून हे जमलं. विंडोज बायोसमधली वेळ स्थानिक समजतं, त्यामुळे भारतीय वेळच भरायची, साडेपाच तास वजा करत बसायचं नाही. मी घाईत ९:१० भरलं.

व्हीपीएन एका फटक्यात जोडलं. मुलाने रिमोट घेतला आणि हसत म्हणाला, "तुमच्याकडे सकाळचे नऊ वाजलेत." बायोसचं घड्याळ चोवीस तासांचं, २१:१० हवं होतं. बारा तासांची चूक असूनही जोडलं गेलं, कारण प्रमाणपत्रांना मिनिट-सेकंद जुळायला नको असतात, वेळ मुदतीच्या आत पडली की पुरे. सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याच दुपारी नवं केलेलं असतं, तर याच चुकीने मी पुन्हा अडकले असते.

त्याने ॲडमिन होऊन काळ्या खिडकीत दोन ओळी चालवल्या:

```
w32tm /query /source
w32tm /resync
```

पहिलीचं उत्तर आलं `Local CMOS Clock`, म्हणजे लॅपटॉप कुणालाही न विचारता स्वतःच्याच घड्याळावर चालला होता. दुसरीनंतर वेळ सर्व्हरशी जुळली. फाइल पावणेदहाला गेली.

पण रोग तसाच होता. दोन दिवसांनी चार्जर न लावता बॅटरी पूर्ण उतरू दिली, रात्रभर तसाच ठेवला, आणि सकाळी पुन्हा २०२०. आतली घड्याळाची छोटी बॅटरी मेली होती. एरवी मोठी बॅटरी तिचं काम निभावते, म्हणून वर्षभर पत्ता लागला नव्हता. ऑफिसची परवानगी घेऊन टिळक रस्त्यावरच्या दुकानात दाखवला. आत वायर जोडलेला सीआर२०३२ सेल होता. तो ३ व्होल्टचा असतो, दुकानदाराच्या मीटरवर दीडसुद्धा भरेना. नवा बसवल्यावर पुन्हा तीच रात्रभराची परीक्षा घेतली. सकाळी तारीख जागेवर होती.

आता सुट्टीला जाताना लॅपटॉप पूर्ण चार्ज करून ठेवते. आणि व्हीपीएन रुसलं की राउटरच्या आधी कोपऱ्यातली तारीख बघते, त्यातलं साल धरून.