चारशे तापाचे रुग्ण आणि चार चौकटी: माझा अनुभव

गडचिरोली जिल्ह्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करताना पदव्युत्तर प्रबंधासाठी मी एक साधा वाटणारा विषय घेतला होता. फॅल्सिपेरम मलेरियाची रॅपिड किट, म्हणजे आशाताई गावात वापरतात ती आरडीटी, सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेल्या रक्ताच्या स्लाइडच्या तुलनेत कितपत खरी ठरते, हे मला पाहायचे होते. पावसाळ्यात तापाच्या ४०० रुग्णांची आरडीटी केली आणि त्याच वेळी प्रत्येकाची जाड व पातळ स्मिअरची स्लाइड घेतली.

पहिली चूक नोंदवहीत झाली. आरडीटीचा निकाल आणि स्लाइडचा क्रमांक मी एकाच ओळीत लिहीत होते, त्यामुळे स्लाइड वाचणाऱ्या तंत्रज्ञ दादांना किटचा निकाल आधीच दिसत होता. पॉझिटिव्ह किट पाहिल्यावर माणूस नकळत जास्त वेळ शोधतो, आणि मग दोन तपासण्या एकमेकींशी जुळल्यासारख्या दिसतात. आठवडाभरात हे लक्षात आले. तोपर्यंतचे रुग्ण मी तुलनेतून वगळले आणि पुन्हा मोजणी सुरू केली. स्लाइडवर केवळ क्रमांक टाकला आणि किटचे निकाल वेगळ्या वहीत ठेवले.

शेवटी तक्ता असा झाला:

| | स्लाइड पॉझिटिव्ह | स्लाइड निगेटिव्ह | एकूण |
|---|---|---|---|
| आरडीटी पॉझिटिव्ह | ७६ | ३२ | १०८ |
| आरडीटी निगेटिव्ह | ४ | २८८ | २९२ |
| एकूण | ८० | ३२० | ४०० |

पहिल्या मसुद्यात मी ७६ ला १०८ ने भागून त्याला संवेदनशीलता म्हटले होते. मार्गदर्शक मॅडमनी तो कागद परत केला आणि एवढेच विचारले, “तुम्ही कोणाला मोजायला सुरुवात केलीत? आजारी असलेल्यांना, की किट पॉझिटिव्ह आलेल्यांना?” त्या प्रश्नाने मला तक्ता वाचता आला. संवेदनशीलता आणि विशिष्टता उभ्या रकान्यांतून निघतात, कारण तिथे सुरुवात स्लाइडने ठरवलेल्या सत्यापासून होते. ८० खऱ्या रुग्णांपैकी किटने ७६ पकडले, म्हणून संवेदनशीलता ९५ टक्के. मलेरिया नसलेल्या ३२० जणांपैकी २८८ जणांना किटने निगेटिव्ह ठरवले, म्हणून विशिष्टता ९० टक्के. भाकीत मूल्ये आडव्या ओळींतून निघतात. किट पॉझिटिव्ह आलेल्या १०८ जणांपैकी ७६ जणांना खरोखर मलेरिया होता, म्हणजे पॉझिटिव्ह भाकीत मूल्य सुमारे ७० टक्के. निगेटिव्ह आलेल्या २९२ पैकी २८८ जण खरोखर निगेटिव्ह होते, म्हणजे निगेटिव्ह भाकीत मूल्य ९८.६ टक्के. बाह्यरुग्ण विभागात हातात पॉझिटिव्ह किट घेऊन समोर बसलेल्या आईला मला ज्या आकड्याच्या आधारे उत्तर द्यायचे असते, तो हा आडव्या ओळीतला आकडा आहे.

त्या ३२ ‘खोट्या’ पॉझिटिव्हांनी मला सर्वाधिक शिकवले. त्यांची माहिती पुन्हा घेतली तेव्हा १९ जणांनी गेल्या महिनाभरात मलेरियाच्या गोळ्या पूर्ण केल्याचे सांगितले. ही किट परजीवीला नाही, तर त्याच्या एचआरपी-२ या प्रथिनाला ओळखते, आणि परजीवी मेल्यावरही ते प्रथिन काही आठवडे रक्तात राहते. किटवर रेघ उमटते, स्लाइड मात्र स्वच्छ असते. सुटलेल्या चौघांपैकी तिघांच्या स्लाइडवर परजीवी अगदी विरळ होते. एकात तर २०० पांढऱ्या पेशींमागे केवळ ३, म्हणजे मायक्रोलिटरमागे ८,००० पांढऱ्या पेशी धरल्या तर १२०. इतक्या कमी संख्येला किटची रेघ फिकट येते किंवा उमटतच नाही.

न जुळलेल्या ३६ स्लाइडच पुन्हा वाचून घ्याव्यात आणि तक्ता सुधारावा, असा मोह मला झाला होता. मॅडमनी तो थांबवला, आणि आज मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटते: फक्त न जुळणारे निकाल पुन्हा तपासले तर बदल जुळण्याच्या बाजूनेच होतो, आणि किट आहे त्यापेक्षा चांगली दिसू लागते. दुसरे वाचन करायचेच असेल तर ते सर्व स्लाइडचे, किंवा चारही चौकटींतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या स्लाइडचे करावे लागते.

मग मी उन्हाळ्याचा विचार करून दुसरा तक्ता कागदावर मांडला. किट तीच, संवेदनशीलता आणि विशिष्टताही तीच, पण तापाच्या ४०० जणांत खरे रुग्ण ८० ऐवजी २० धरले. किट १९ जणांना पकडते. उरलेल्या ३८० पैकी ३८ जण खोटे पॉझिटिव्ह ठरतात. एकूण पॉझिटिव्ह ५७, त्यातले खरे १९. पॉझिटिव्ह भाकीत मूल्य सत्तरवरून तेहतीस टक्क्यांवर आले, आणि किटमध्ये तर काहीच बदलले नव्हते. त्यामुळे प्रबंधात भाकीत मूल्यांशेजारी रुग्णप्रमाण २० टक्के असल्याचे आणि हे आकडे पावसाळ्याचे असल्याचे मी स्पष्ट लिहिले. आमच्या नोंदवहीत आता आरडीटीच्या शेजारी एक नवा रकाना आहे: मलेरियाच्या गोळ्या शेवटच्या केव्हा घेतल्या.