नावाची जागा, भाग ४: ‘अनघाज’ आणि त्यातून सुटलेला मुखडा

वाढदिवस, निरोप आणि लग्नाचा वाढदिवस या तिन्ही प्रसंगांना नाव बदलून समूहाने गाता येईल असं एक गाणं मी बसवतोय. मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की त्यातली नावाची जागा पक्की झाली, आता फक्त अंतरे उरलेत. ते मागे घेतो. रविवारी गाणं पहिल्यांदा खऱ्या वाढदिवसाला गायलं आणि रेकॉर्डिंग घरी येऊन ऐकलं. अकरा जणांच्या आवाजात स्पष्ट ऐकू येतंय: ‘जमलो सारे… अनघाज तुझे हे गाणे गाऊ’. ‘अनघा’ कुठेच नाही. ज्या मुलीसाठी नाव बसवलं होतं तिचंच नाव बदललं. तेवढ्यासाठी ही नोंद.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: केरवा, आठ मात्रा, मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत. पहिल्या भागात नाव समेवर ठेवलं होतं आणि ते ‘अमोल’वर फसलं. समेवर ऱ्हस्व ‘अ’ आला की गाणारा तो ताणतोच, मग ‘आमोल’ होतं. उमा, रमा, सुनीता सगळ्यांचं तेच. म्हणून नाव समेच्या आधी, उठावात नेलं. मुखड्याची पहिली ओळ आठ मात्रांची, ‘जमलो सारे’. पुढचं अख्खं आवर्तन मोकळं. ‘रे’ धरून ठेवायचा आणि नाव असं सोडायचं की त्याची शेवटची मात्रा सोळावी असेल. नाव कितीही लांब असो, उजवी कड पक्की, डावी कड मोकळी.

```
जमलो सारेऽ | ऽ ऽ ऽ ऽ नेऽ हाऽ      | (सम)
जमलो सारेऽ | ऽ ऽ ऽ ऽ दीऽ प क      | (सम)
जमलो सारेऽ | ऽ ऽ मृ णाऽ लि नीऽ    | (सम)
जमलो सारेऽ | ऽ मंऽ दाऽ कि नीऽ     | (सम)
जमलो सारेऽ | ऽ ऽ ऽ ऽ - उ माऽ      | (सम)
```

शेवटच्या ओळीतली आडवी रेघ म्हणजे एका मात्रेची विश्रांती. नाव स्वराने सुरू होत असेल तर ‘रे’ आणि ‘उ’ यांच्यामध्ये श्वास लागतो, नाहीतर ‘रेयुमा’ होतं. हे तेव्हाच लक्षात आलं होतं. पण नावाच्या दुसऱ्या टोकाला, उजव्या कडेला, हाच धोका आहे हे मला सुचलं नाही.

समेवरचा शब्द होता ‘आज’. अर्थाला सुंदर, वाढदिवसाला चालतो, निरोपाला चालतो, आणि ‘आ’ दीर्घ असल्याने समेवर छान बसतो. पण तो स्वराने सुरू होतो. ‘अनघा’चा आ आणि ‘आज’चा आ एकमेकांत विरघळतात. रेकॉर्डिंगनंतर बसून बाकीची नावं म्हणून पाहिली तर एकही वाचलं नाही. व्यंजनावर संपणारी नावं आ ओढून घेतात: ‘सागराज’, ‘दीपकाज’, ‘अमोलाज’. ईकारान्त नावांत मध्ये य शिरतो: ‘मृणालिन्याज’. आधी कळलं कसं नाही? कारण मी स्वतः गात होतो आणि मला नाव माहीत होतं. माहीत असलेलं नाव कान स्वतःच दुरुस्त करून घेतो.

म्हणून आता चाचणीची पद्धत बदलली आहे आणि ती तुम्हीही वापरा. ज्याला नाव माहीत नाही अशा माणसाला शेजारच्या खोलीत बसवायचं, हातात कागद द्यायचा, आणि पाच नावं एकदाच, पूर्ण लयीत गायची. तो जे लिहील तेच खरं. माझ्या बहिणीने पहिल्या फेरीत पाचपैकी दोन नावं बरोबर लिहिली. तिसऱ्याच्या जागी ‘सागराज की सागर राज?’ असा प्रश्न लिहून ठेवला.

पहिला उपाय सरळ होता: नाव आणि ‘आज’ यांच्यात एक मात्रा रिकामी सोडायची. एकट्याने गाताना जमतं. पण समूहात कुणीही समेच्या तोंडावर भोक ठेवत नाही, मागचा स्वर ओढून ते भरून टाकतात. दोनदा समजावून सांगितलं, दोन्ही वेळा अनघाची अनघाऽऽज झाली. गाणाऱ्यांना शिकवून सुटणारी ही गोष्ट नाही, ओळच अशी हवी की चुकीची गाताच येऊ नये.

मग समेवर व्यंजन आणायचं ठरलं. ‘हा दिवस’ घेऊन पाहिलं. ह इतका हवेसारखा आहे की ‘नेहा हा’चं ‘नेहाहा’ होतं. ‘या’ घेतलं, तो ईकारान्त नावांत बुडाला, य हा ई-चाच भाऊ. स, न, ल थोडे बरे, पण ते नावातून घरंगळत पुढे जातात. हवं होतं ते स्पर्श व्यंजन: क, ग, त, द, प, ब यांतलं काहीतरी, जिथे हवा क्षणभर अडते. ती अडवणूक म्हणजेच मला हवी असलेली विश्रांती, आणि ती कुणाला शिकवावी लागत नाही. त्यावर दीर्घ स्वर हवा आणि अर्थ तिन्ही प्रसंगांना चालला पाहिजे.

‘गाऊ’. तो जुन्या ओळीच्या शेवटी पडूनच होता! उचलला आणि समेवर ठेवला.

गाऊ तुझेच गाणे आता

दोन आवर्तनं, सोळा मात्रा, तंतोतंत. बहिणीला परत खोलीत पाठवलं. अनघा, सागर, मृणालिनी, दीपक, उमा. पाचही बरोबर. तो कागद वहीत चिकटवून ठेवला आहे.

आणि या ओळीने एक जुनी कटकटही मिटवली. तू आणि तुम्ही. ‘तुझे’ तीन मात्रा, ‘तुमचे’ चार, त्यामुळे मोठ्या माणसासाठी गाताना ओळ नेहमी एका मात्रेने धक्का खायची. ‘तुझेच’ केलं की चार. ‘गाऊ तुझेच गाणे आता’, ‘गाऊ तुमचे गाणे आता’, दोन्ही सोळा, चाल जराही हलत नाही. एका ‘च’ने हे काम केलं याचा मला फार आनंद झालाय.

मोठ्यांना नावाने हाक मारत नाही, तिथे नातं बसवायचं: आजी, काका, ताई, सगळे चार मात्रांचे. ‘नेहाताई’ आठ मात्रा, म्हणजे पूर्ण आवर्तन भरतं आणि ‘रे’ धरायला जागा राहत नाही, पण चालतं. आठ ही कमाल मर्यादा. ‘मृणालिनीताई’ दहा होतात, तिथे फक्त ‘ताई’ म्हणा.

याची किंमत अशी की ओळीचा शेवट ‘गाऊ’वरून ‘आता’वर आला आणि तिन्ही अंतऱ्यांचं यमक गेलं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. पण ‘-ता’ शोधताना जे हाती लागलं ते आधीच्यापेक्षा चांगलं आहे. वाढदिवसाचा अंतरा आता ‘नवे वर्ष हे येता येता’वर संपतो, निरोपाचा ‘मागे बघुनी जाता जाता’वर, आणि लग्नाच्या वाढदिवसाचा ‘हात जुना तो हाती घेता’वर. तिन्ही ओळी सोळा मात्रांच्या, तिन्हींतून मुखड्यावर त्याच स्वरांनी परत येता येतं.

लिंगाचा प्रश्न आठवतोय ना? ‘हसतोस-हसतेस’मध्ये मात्रा सारख्याच, पण दोन कागद करावे लागायचे आणि नेमका चुकीचा कागद वाटला जायचा. ‘येता येता’, ‘जाता जाता’ या रूपांना लिंगही नाही आणि तू-तुम्हीही नाही. उरलेल्या ओळींत मी भविष्यकाळ किंवा आज्ञार्थ ठेवलाय, ‘हसशील’, ‘ये’, ‘रहा’. आता एका कागदात बदलायच्या गोष्टी दोनच: नाव, आणि तू की तुम्ही. माझं मत पक्कं झालंय की अदलाबदलीच्या गाण्यात रिकाम्या जागा जितक्या कमी तितकं गाणं जास्त वेळा गायलं जातं.

ट्रॅकबद्दल. ज्यांच्याकडून पार्श्वसंगीत करून घेतलं त्यांनी मोकळं आवर्तन ‘रिकामं वाटतंय’ म्हणून त्यात बासरीची सुरेख जागा भरून दिली. नाव त्या बासरीखाली गाडलं गेलं. परत पाठवलंय, त्या आठ मात्रांत फक्त ठेका आणि एक धरलेला सूर ठेवा असं लिहून. ट्रॅक मागवताना हे पहिल्याच ओळीत लिहा. तोवर पेटी आणि तबल्याचं ॲप. ॲपमध्ये लय कमी-जास्त करता येते हे मोठं सुख, कारण निरोपाला मी १३२ वर उतरतो. त्याहून खाली गेलं की ‘रे’ धरायला समूहाचा श्वास पुरत नाही.

लग्नाच्या वाढदिवसाला दोन नावं. ‘नेहा-सागर’ आठ मात्रांत बसतात, पण ‘मृणालिनी-ज्ञानेश्वर’ बारा. इतके दिवस मी त्यांना कोंबायचा प्रयत्न करत होतो. लिहिता लिहिता लक्षात आलं की मुखडा दोनदा गायचाच असतो. पहिल्या वेळी एक नाव, दुसऱ्या वेळी दुसरं. मग ‘तुमचे गाणे’ दोघांचं होतं आणि अंतऱ्यातला हात हातात येतो. हे आजच करून बघतो. असंच तिघा-चौघांच्या एकत्र निरोपालाही मुखडा तितक्या वेळा फिरवता येईल, मध्ये लग्गी घेऊन.

आणि आत्ता, हे टाकायच्या आधी यादी पाहिली, तर गुरुवारच्या निरोपाचं नाव आहे पराग. ‘पराग गाऊ’. ग-वर ग. म्हणून पाहिलं, ‘परा गाऊ’ ऐकू येतं. सारंग, चिराग यांचंही तेच होणार. अशा नावांसाठी दुसरी ओळ लागेल, आणि इथे समेवर स चालेल, कारण ग-नंतर तो वेगळा उमटतो:

सांगू तुझ्याच गोष्टी आता

‘तुझ्या’मधल्या ‘झ्या’चा तु-वर आघात येत नाही, म्हणून तु लघुच धरलाय. मोजून पाहा, सोळा. ‘तुमच्या गोष्टी’ही बसतं. निरोपाला तर हे ‘गाणे’पेक्षा जवळचं वाटतंय. बहिणीला मात्र पराग हे नाव आता माहीत झालंय, त्यामुळे चाचणीला दुसरं कुणीतरी शोधतोय.